तीन लाखांचा आकडा कोणाच्या घरात येतो?

महाराष्ट्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत राज्याचे दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार ३४० रुपये दिले आहे. चौघांचे कुटुंब धरले तर वर्षाला १२ लाख ३७ हजार, म्हणजे महिन्याला लाखाच्या वर. याच राज्यात केशरी शिधापत्रिकेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असावे लागते आणि अशी शिधापत्रिका असलेली कुटुंबे लाखोंनी आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेक जण लगेच विषमतेकडे बोट दाखवतात. विषमता आहेच आणि ती भयंकर आहे. पण तिच्याही आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पहिला आकडा घरात येणाऱ्या पैशाचा नाहीच. राज्याच्या हद्दीत वर्षभरात जे मूल्य तयार झाले त्यातून घसारा वजा करून आणि लोकसंख्येने भागून तो काढलेला आहे. ते मूल्य पुढे कोणाच्या खिशात गेले, याचा त्याला पत्ता नसतो.

स्पर्धा परीक्षा देणारी मुले जीडीपी आणि जीएनपी यांतला फरक एका ओळीत पाठ करतात. देशाच्या हद्दीत जे उत्पादन होते ते देशांतर्गत उत्पादन. त्यात परदेशातून मिळालेले निव्वळ घटक उत्पन्न मिळवले की राष्ट्रीय उत्पादन. घटक उत्पन्न म्हणजे श्रमाची मजुरी आणि भांडवलाचे व्याज, लाभांश, नफा. इथल्या रहिवाशांनी बाहेरून कमावलेल्या रकमेतून बाहेरच्यांनी इथून कमावलेली रक्कम वजा केली की निव्वळ आकडा येतो. १९९३ पासून आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीत जीएनपीला स्थूल राष्ट्रीय उत्पन्न म्हणतात आणि २०१५ पासून आपल्याकडच्या सरकारी तक्त्यांतही तेच नाव आहे. पाठ करायला हे सोपे आहे. पण हा फरक कुठे किती मोठा असतो आणि कुठे तो मोजलाच जात नाही, हे त्या एका ओळीत येत नाही. माझे म्हणणे असे की भारत देशासाठी हा फरक किरकोळ आहे, राज्यांसाठी तो प्रचंड आहे, आणि राज्यांसाठीच तो आपण मोजत नाही.

आधी देशाचे पाहू. २०२४-२५ च्या मे २०२५ मधल्या अंदाजात दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादन साधारण २ लाख ३५ हजार रुपये होते, तर दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्न सुमारे २ लाख ३१ हजार. म्हणजे शंभरातले दीड रुपये बाहेर गेले. हे दीड रुपये मुख्यतः परदेशी गुंतवणूकदारांचे व्याज, लाभांश आणि इथल्या परदेशी कंपन्यांनी पुन्हा इथेच गुंतवलेला नफा. हा शेवटचा भाग प्रत्यक्षात देशाबाहेर जात नाही, तरी मालकी परदेशी म्हणून तो आधी बाहेर गेला आणि मग गुंतवणूक म्हणून परत आला, असे हिशेबात धरतात. राष्ट्रीय उत्पन्नातून घसारा वजा केला की दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न उरते, सुमारे २ लाख ५ हजार. वर्तमानपत्रात ‘भारतीयांचे दरडोई उत्पन्न’ म्हणून छापतात तो हाच आकडा.

मग परदेशातले भारतीय पाठवतात तो पैसा कुठे गेला? २०२३-२४ मध्ये तो ११८ अब्ज डॉलरच्या वर होता, आणि त्याच वर्षी घटक उत्पन्नाच्या खात्यात आपली तूट होती साधारण ५० अब्ज डॉलर. परदेशी कंपन्यांना जे गेले त्याच्या दुपटीहून जास्त आपल्या माणसांनी घरी पाठवले. तरी हा पैसा राष्ट्रीय उत्पन्नात दिसत नाही, कारण तो घटक उत्पन्न मानला जात नाही. तो हस्तांतरण आहे, म्हणजे कोणत्याही वस्तूच्या किंवा कामाच्या बदल्यात न आलेला पैसा. तो पुढच्या पायरीवर, स्थूल राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्नात मिळवतात. त्यामुळे भारताचे राष्ट्रीय उत्पन्न देशांतर्गत उत्पादनापेक्षा थोडे कमी असते आणि खर्चयोग्य उत्पन्न मात्र त्याहून जास्त. तिन्ही आकडे खरे आहेत. कोणता प्रश्न विचारतो यावर कोणता घ्यायचा ते ठरते.

हे सगळे एका घरात कसे घडते ते पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातले एक कुटुंब कल्पनेने उभे करतो, आकडेही सोयीसाठी धरलेले. पण अशी घरे दाभोळपासून राजापूरपर्यंत गावोगाव आहेत. थोरला भाऊ आंबा-काजूची बाग करतो. खते, फवारणी, लाकडी पेट्या यांचा खर्च वजा जाता बागेतून वर्षाला चार लाखांचे मूल्य निर्माण होते. त्यातले एक लाख तो हंगामापुरत्या आलेल्या नेपाळी राखणदारांना मजुरी म्हणून देतो. ते दिवाळीच्या सुमारास येतात आणि पावसाआधी गावी परततात. मधला भाऊ परदेशी कंपनीच्या तेलवाहू जहाजावर आहे. करार संपला की घरी येतो, घर इथेच. त्याची वर्षाची कमाई नऊ लाख. धाकटा सहा वर्षे दुबईत आहे. तो पंधरा लाख कमावतो आणि त्यातले पाच लाख घरी पाठवतो.

देशांतर्गत उत्पादनात या घरामुळे पडणारी भर फक्त चार लाखांची, बागेची. राखणदार इथे वर्षाहून कमी काळ राहतात म्हणून लेखापद्धतीत ते नेपाळचे रहिवासी ठरतात आणि त्यांचे एक लाख घटक उत्पन्न म्हणून बाहेर जातात. जहाजावरचा भाऊ महिनोन्‌महिने समुद्रावर असला तरी त्याचे कुटुंब इथे आहे, म्हणून तो इथलाच रहिवासी. त्याचे नऊ लाख घटक उत्पन्न म्हणून आत येतात, मग त्याने ते घरी पाठवलेले असोत वा नसोत. चारातून एक गेला, नऊ आले: राष्ट्रीय उत्पन्नात बारा लाख. दुबईतला भाऊ वर्षाहून अधिक काळ तिथे आहे, म्हणून तो अमिरातीचा रहिवासी. त्याचे पंधरा लाख तिथल्या उत्पादनात आणि तिथल्याच राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जातात. त्याने पाठवलेले पाच लाख इथे हस्तांतरण म्हणून येतात आणि खर्चयोग्य उत्पन्न सतरा लाख होते. दोन सख्खे भाऊ, दोघांचा पैसा एकाच बँकेच्या एकाच शाखेत येतो, पण एकाचा राष्ट्रीय उत्पन्नात आणि दुसऱ्याचा त्याच्या बाहेर.

इथे एक गुंता लक्षात ठेवण्याजोगा आहे. वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस देशाबाहेर काढणारा हा खलाशी प्राप्तिकराच्या नियमात बहुधा अनिवासी ठरतो आणि परदेशी जहाजावरच्या पगारावर त्याला इथे कर लागत नाही. म्हणजे करखात्याच्या लेखी तो बाहेरचा आणि राष्ट्रीय लेख्यांत घरचा. प्राप्तिकराचे आकडे उचलून कोणी उत्पन्न मोजायला गेला, तर तो पहिल्यांदा इथेच चुकेल.

खर्चयोग्य वैयक्तिक उत्पन्नाची पाठ्यपुस्तकी व्याख्या यापुढची आहे. खाजगी क्षेत्राच्या एकूण उत्पन्नातून कंपन्यांनी न वाटता ठेवलेला नफा आणि कंपनी कर वजा केला की उरते वैयक्तिक उत्पन्न. सरकारकडून मिळणारे निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, खात्यात जमा होणारे अनुदान हे त्यात आधीच आलेले असते. त्यातून कुटुंबांनी भरलेला प्राप्तिकर आणि सरकारी शुल्क, दंड वगैरे वजा केले की जे राहते ते खर्चयोग्य. खर्च करा किंवा शिल्लक टाका, निर्णय घराचा. वर धरलेल्या कुटुंबाला शेती आणि जहाज दोन्हींमुळे प्राप्तिकर नाही, म्हणून सतराचे सतरा लाख हातात. उत्पादन चार लाख, हातात सतरा.

आता राज्य आणि जिल्ह्याच्या आकड्यांकडे येऊ. राज्याचे उत्पन्न काढताना आपल्याकडे पैसा कुठे निर्माण झाला हे पाहतात, तो कोणाला मिळाला हे पाहत नाहीत. राज्यांच्या लेख्यांचा विचार करण्यासाठी १९७२ साली नेमलेल्या समितीपासून हीच पद्धत चालत आली आहे. कारण साधे होते: देशाच्या सीमेवर जकात आहे, परकीय चलनाची नोंद आहे, रिझर्व्ह बँकेचा व्यवहारतोल आहे, राज्यांच्या सीमेवर यातले काहीच नाही. त्यामुळे राज्याच्या तक्त्यात ‘बाहेरून मिळालेले निव्वळ घटक उत्पन्न’ ही ओळच नसते. आपल्या कुटुंबातल्या खलाशाचे नऊ लाख भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात आहेत, पण महाराष्ट्राच्या उत्पन्नात नाहीत आणि रत्नागिरी जिल्ह्याच्याही नाहीत. दुबईचे पाच लाख तर नाहीतच. जिल्ह्याच्या खाती पडले चार. त्यातलाही एक नेपाळला गेला, पण तो वजा झालेला नाही.

आणि तरीही आर्थिक पाहणीत राज्याचे दरडोई उत्पन्न आणि देशाचे दरडोई उत्पन्न एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापतात. देशाच्या आकड्यात घटक उत्पन्नाची वजाबाकी झालेली आहे, राज्याच्या आकड्यात झालेली नाही. मग ‘देशापेक्षा आपण दीडपट पुढे’ अशा बातम्या होतात. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची अशी तुलना सरकारी प्रकाशनात वर्षानुवर्षे निमूटपणे चालू आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. तक्ता बनवणाऱ्यांना हा फरक माहीत असतो. वाचणाऱ्यांना तो कोणी सांगत नाही.

देशाला दीड टक्क्याचा असलेला हा फरक राज्याला किती मोठा असू शकतो, ते केरळ आणि गुजरातकडे पाहिले की कळते. २०२२-२३ मध्ये दोन्ही राज्यांचे दरडोई उत्पन्न, म्हणजे खरे तर दरडोई निव्वळ राज्यांतर्गत उत्पादन, अडीच ते पावणेतीन लाखांच्या दरम्यान होते; गुजरातचे थोडे वरच. त्याच काळात झालेल्या देशव्यापी घरगुती खर्च पाहणीत केरळच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ५,९२४ रुपये निघाला, गुजरातच्या ग्रामीण भागात ३,७९८. गुजरातचा हा आकडा देशाच्या ३,७७३ या ग्रामीण सरासरीला जेमतेम टेकतो. ज्या राज्याचे उत्पादन जास्त, तिथल्या खेड्यात खर्च एक तृतीयांशाहून अधिक कमी.

याची कारणे अनेक आहेत. मजुरीचे दर आणि शहर-खेड्यातले अंतर ही त्यातली मोठी. पण उत्पादन आणि उत्पन्न यांतली दरी या फरकाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. जामनगरची तेलशुद्धीकरण संकुले जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहेत. तिथे तयार होणारे मूल्य गुजरातच्या उत्पादनात पूर्ण जाते. त्यातला पगाराचा वाटा लहान असतो, कारण शुद्धीकरण हा यंत्रांचा धंदा आहे, माणसांचा नव्हे. मोठा वाटा नफ्याचा. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, भागधारक देशभर आणि देशाबाहेर, आणि नफ्यातला बराच भाग न वाटता नव्या गुंतवणुकीत जातो. जामनगर जिल्ह्यातल्या खेड्यात त्यातले किती पोचते, हे राज्याचा दरडोई आकडा सांगू शकत नाही. केरळचे नेमके उलटे आहे. तिथल्या २०२३ च्या स्थलांतर पाहणीनुसार परदेशातून वर्षाला सुमारे २ लाख १७ हजार कोटी रुपये येतात, राज्याच्या निव्वळ उत्पादनाच्या जवळपास चौथा हिस्सा. राज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात यातला थेट काहीच नाही. त्या पैशातून घर बांधले, शाळेची फी भरली, दुकानात खरेदी झाली, की मग त्या व्यवहारातून उत्पादन म्हणून तो वळसा घेऊन उमटतो.

महाराष्ट्राकडे हाच चष्मा लावून पाहा. त्याच २०२२-२३ मध्ये राज्याचे दरडोई उत्पन्न सुमारे अडीच लाख, चौघांच्या घराला दहा लाख. खर्च पाहणीत ग्रामीण महाराष्ट्राचा माणशी मासिक खर्च ४,०१० रुपये, शहरी ६,६५७. चौघांच्या घराचा वर्षाचा खर्च काढला तर गावात १ लाख ९२ हजार, शहरात ३ लाख २० हजार. मग दहा लाखांतले बाकीचे कुठे गेले? काही भाग बचतीत. काही वस्तू व सेवा करासारख्या अप्रत्यक्ष करांत, कारण बाजारभावाने मोजलेल्या उत्पादनात ते धरलेले असतात. मोठा भाग कंपन्यांनी ठेवलेल्या नफ्यात आणि कंपनी करात. मुंबईत नोंदलेल्या बँका, विमा कंपन्या, वित्तसंस्था यांचे मूल्य इथल्या खात्यात पडते, आणि बँकांचा राज्यवार वाटा तर ठेवी-कर्जांसारख्या निर्देशकांवरून केंद्रातून वाटून दिलेला असतो. काही भाग उत्तर प्रदेश-बिहारकडे गेलेल्या पैशात. आणि काही भाग असा की जो कोणाच्याच हातात कधी येत नाही: स्वतःच्या घरात राहणाऱ्याने स्वतःलाच भाडे दिले असे मानून ते उत्पादनात धरतात. दादर-पार्ल्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांत निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या आजींच्या घराचे मानीव भाडे राज्याचे उत्पन्न वाढवते, त्यांच्या हातात मात्र महिनाअखेरीला तेवढेच पैसे असतात. खर्च पाहणीत श्रीमंतांची घरे कमी सापडतात हेही खरे, त्यामुळे ही दरी दिसते तेवढी सगळी खरी नाही. तरी तिच्यातला मोठा भाग व्याख्येचा आहे.

गोव्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. दरडोई आकड्यात सिक्कीम आणि गोवा ही देशातली पहिली दोन राज्ये. गोव्यात डिचोली-साखळीच्या पट्ट्यातली लोहखनिजाची सर्वांत मोठी कंपनी २००७ पर्यंत ५१ टक्के जपानी मालकीची होती, त्या वर्षी तो हिस्सा लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या समूहाने विकत घेतला. खाणीतून निघालेल्या खनिजाचे मूल्य गोव्याच्या उत्पादनात. नफ्यातला मालकाचा वाटा आधी तोक्योला, मग लंडनला. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात ही वजाबाकी झाली, गोव्याच्या आकड्यात कधीच नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ट्रकमालकांचे हप्ते थकले, बार्ज मांडवीत उभ्या राहिल्या, गॅरेज आणि खानावळी ओस पडल्या. तेव्हा बुडालेल्या उत्पादनातला किती भाग गोव्याच्या घरांचा होता आणि किती बाहेरच्या भागधारकांचा, हे राज्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यावरून सांगता आले असते, तर भरपाई आणि पुनर्वसनाच्या वादाला पायाभूत आकडा मिळाला असता. तो नव्हता. दोन्ही बाजू एकूण उत्पादनाचाच आकडा वापरून आपापले म्हणणे मांडत राहिल्या. दुसऱ्या बाजूने, गोव्याचे तारवटी म्हणजे खलाशी, आखातातले आणि पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडला गेलेले गोंयकार जे घरी पाठवतात, तेही त्या आकड्यात नाही. जे बाहेर जाते ते वजा नाही, जे आत येते ते जमा नाही, आणि तरीही गोवा श्रीमंत ठरतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. राज्याचा आकडा घरखर्चासाठी नसतोच, तो राज्याची कर गोळा करण्याची ताकद सांगतो, आणि त्यासाठी उत्पादनच योग्य, असे म्हणतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्रीय करांचे वाटप ठरवताना ४५ टक्के भार ‘उत्पन्नातील अंतर’ या निकषाला दिला आणि ते अंतर दरडोई स्थूल राज्यांतर्गत उत्पादनावरून मोजले. जितके उत्पादन जास्त, तितका वाटा कमी. महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले, केरळच्या १.९२५, गोव्याच्या ०.३८६.

पण राज्य सरकार नेमके कशावर कर लावू शकते? कंपनीच्या नफ्यावर नाही, तो केंद्राचा अधिकार. पगारावरच्या प्राप्तिकरावर नाही, तोही केंद्राचा. राज्याच्या हाती वस्तू व सेवा करातला आपला वाटा, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचा कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर जिथे माल बनतो तिथे नव्हे तर जिथे तो खपतो त्या राज्याला मिळतो. चाकणला मोटार तयार झाली आणि कोट्टायमला विकली गेली, तर राज्याचा कर केरळला. बाकीचे करही माणूस जिथे राहतो, खर्च करतो, घर घेतो तिथेच गोळा होतात. खनिजांचे स्वामित्वधन हा मोठा अपवाद सोडला, तर राज्याची करक्षमता उत्पादनापेक्षा रहिवाशांच्या खर्चयोग्य उत्पन्नाशी जास्त बांधलेली आहे. वस्तू व सेवा कर येण्याआधी उत्पादनाचा निकष निदान अर्धा बरोबर होता. आता तो जुन्या करपद्धतीचे माप नव्या करपद्धतीला लावतो. कारखाने ज्यांच्याकडे आहेत पण मालक दुसरीकडे, अशा राज्यांना तो त्यांच्या ताकदीपेक्षा श्रीमंत दाखवतो. माणसे बाहेर पाठवून त्यांच्या पैशावर चालणाऱ्या राज्यांना तो गरीब दाखवतो. राज्यांसाठी रहिवाशांचे खर्चयोग्य उत्पन्न मोजावे, ही मागणी मी महाराष्ट्राला यातून फायदा होईल की तोटा हे पाहून करत नाही. बिहारला जे उत्पन्न मुंबईतून जाते तेही बिहारच्या खात्यात दिसायलाच हवे.

राष्ट्रीय उत्पन्नाची ओळ राज्याच्या तक्त्यात घातली की काम झाले, असे मात्र समजू नये. आयर्लंडला हा धडा महागात मिळाला. २०१५ साली त्या देशाची जीडीपी वाढ २६ टक्के जाहीर झाली, कारण काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आणि मुख्यालये कागदोपत्री तिथे हलवली. राष्ट्रीय उत्पादनाचा आकडा तरी शहाणपणा दाखवेल असे वाटत होते. तोही १८ टक्क्यांच्या वर गेला, कारण मुख्यालयच आयरिश झाल्यावर न वाटलेला नफाही आयरिश ठरला. डब्लिनमधल्या शिक्षकाच्या पगारात यातले काहीच आले नव्हते. युरोपीय संघाला द्यायची वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नावर ठरते, म्हणून ती मात्र वाढली. शेवटी २०१७ पासून तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने असा नफा आणि बौद्धिक संपदेचा घसारा वगळून ‘सुधारित’ राष्ट्रीय उत्पन्न वेगळे छापायला सुरुवात केली. भारतातल्या अनेक मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. उद्या राज्यांसाठी नुसते राष्ट्रीय उत्पन्नाच्या धर्तीवरचे माप काढले, तर देशभरातल्या कारखान्यांचा न वाटलेला नफा महाराष्ट्राच्या नावावर चढेल आणि केशरी शिधापत्रिकेवाल्यांचे दरडोई उत्पन्न कागदावर आणखी वाढेल. म्हणून थेट घरांच्या खर्चयोग्य उत्पन्नापर्यंत जावे लागेल.

ते जमणार नाही, सीमेवर नाकी नाहीत, ही सबब आता चालणारी नाही. अमेरिकेत राज्य ते राज्य नाके नाहीत, तरी तिथे प्रत्येक राज्याचे वैयक्तिक उत्पन्न आणि खर्चयोग्य उत्पन्न अनेक दशकांपासून प्रसिद्ध होते. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्याचा पगार राहत्या ठिकाणी वळवण्यासाठी त्यांच्या हिशेबात ‘निवास समायोजन’ नावाची वेगळी ओळ असते. ब्रिटनमध्येही प्रदेशवार घरगुती खर्चयोग्य उत्पन्न दरवर्षी निघते. आपल्याकडे १९७२ मध्ये नसलेली साधने आज आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत पगार आणि कामाचे ठिकाण आहे. शेअरच्या डिपॉझिटरींकडे प्रत्येक भागधारकाचा पत्ता आहे, त्यावरून लाभांश कोणत्या राज्यात गेला हे काढता येते. प्राप्तिकर विवरणपत्रावर राहता पत्ता आहे. रिझर्व्ह बँक परदेशातून आलेल्या पैशाची राज्यवार पाहणी करते.

या शेवटच्या साधनाबद्दल सावध राहायला हवे. २०२०-२१ च्या पाहणीत आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा ३५ टक्के आणि केरळचा १० टक्के होता. २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्र साडेवीस आणि केरळ जवळपास तितकेच, १९.७. तीन वर्षांत इतकी माणसे इकडून तिकडे गेली नाहीत. बँकेची नोंद आणि घराचा पत्ता यांत अंतर पडते, हाच याचा मला दिसणारा सरळ अर्थ. पैसा मुंबईच्या खात्यात जमा होतो आणि खर्च गुहागरला किंवा मलप्पुरमला होतो. त्यामुळे बँकेचे आकडे घरोघरच्या पाहणीशी पडताळल्याशिवाय वापरू नयेत.

तशी पाहणी करण्याची संधी समोर आहे. घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये हाती घेण्याचे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केले. खर्च पाहण्यांत महाराष्ट्र आपला स्वतंत्र राज्य नमुना घेत आला आहे. या पाहणीतही अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने तो घ्यावा आणि इतका मोठा घ्यावा की कोकण, मराठवाडा, विदर्भ यांचे वेगळे आकडे निघतील. प्रश्नावलीत ‘बाहेरून आलेला पैसा’ असा एकच रकाना ठेवून भागणार नाही. जहाजावरच्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या, पण घरचाच राहिलेल्या माणसाची कमाई एका रकान्यात; वर्षाहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्याने पाठवलेला पैसा दुसऱ्यात; आणि या घराने दुसरीकडे, गावी किंवा परराज्यात, पाठवलेला पैसा तिसऱ्यात. मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्न म्हणून लिहायची की कर्ज म्हणून, याची सूचना गणकाला आधी द्यावी लागेल, नाहीतर बीड जिल्ह्याचा आकडा ऑक्टोबरात फुगेल आणि मार्चमध्ये नाहीसा होईल. आणि तोपर्यंत, पुढच्या आर्थिक पाहणीपासूनच, दरडोई आकड्याच्या तक्त्याखाली एक ओळ छापावी: हे राज्याच्या हद्दीतले उत्पादन आहे, यात बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले उत्पन्न धरलेले नाही, आणि देशाच्या आकड्याशी याची थेट तुलना होत नाही. त्या ओळीला नवी पाहणी लागत नाही, निधी लागत नाही, केंद्राची परवानगीही लागत नाही.